‘तीन ते पाच दिवस’ म्हणजे नेमके किती?

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ मध्ये, मी बडोद्याहून बेळगावच्या ताईसाठी भाऊबीजेची साडी ऑनलाइन मागवली. दुकान सुरतचं होतं. ऑर्डर केली धनत्रयोदशीला, शनिवारी १८ ऑक्टोबरला संध्याकाळी सहा वाजता. पानावर लिहिलं होतं, ‘तीन ते पाच कामाच्या दिवसांत पोहोच’. भाऊबीज २३ तारखेला होती, म्हणून मी निर्धास्त होतो. साडी पोहोचली ३ नोव्हेंबरला!

मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, तरी फसलो. नंतर शांतपणे कॅलेंडर घेऊन बसलो, तेव्हा कळलं की दुकानदार खोटं बोलला नव्हता.

त्या दुकानातून दुपारी एकपर्यंत आलेल्या ऑर्डरीच त्या दिवशी निघत. माझी सहाची ऑर्डर म्हणून पुढच्या कामाच्या दिवसावर गेली. रविवार सुट्टी. सोमवारी गुजरातेत दिवाळी, आणि इथले बरेच व्यापारी दिवाळीला दुकान बंद करतात ते थेट लाभपंचमीला उघडतात. लाभपंचमी आली २६ तारखेला, तीही रविवारी. त्यामुळे पार्सल निघालं सोमवारी २७ ला. वेबसाइट मात्र या काळात एक दिवसही बंद नव्हती!

पाच दिवसांची मोजणी सुरू होते ती पार्सल निघाल्यावर. मंगळवार ते शुक्रवार चार दिवस झाले. कुरियरवाले शनिवारीही काम करतात, पण तो शनिवार होता १ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी. मग रविवार. पाचवा दिवस उजाडला सोमवारी, ३ तारखेला. म्हणजे सुट्ट्या दोन्हीकडच्या लागल्या. निघताना गुजरातच्या, पोहोचताना कर्नाटकच्या.

ताईला हे सगळं सांगितलं, तर म्हणाली, “अरे, मग सकाळी ऑर्डर करायची होतीस की!” तेही करून पाहिलं, कागदावर. शनिवारी एकच्या आत ऑर्डर गेली असती, तरी कर्नाटकात २० ला नरकचतुर्दशीची आणि २२ ला बलिप्रतिपदेची सुट्टी होती. पाचवा दिवस २७ लाच आला असता.

म्हणून आता मी उलटं मोजतो. भाऊबीजेच्या आधीचा बेळगावातला शेवटचा कामाचा दिवस होता मंगळवार, २१ तारीख. तो पाचवा धरला, तर चौथा शनिवार १८, तिसरा १७, दुसरा १६, पहिला १५. म्हणजे पार्सल १४ ला निघायला हवं होतं, आणि ऑर्डर त्याच दिवशी दुपारी एकच्या आत.

यंदाही हेच गणित करणार आहे. आधी दुकानाला दोन प्रश्न विचारायचे: ऑर्डर किती वाजेपर्यंत घेता, आणि शनिवार मोजता का? मग दोन्ही गावांच्या सुट्ट्या समोर ठेवून शेवटच्या तारखेपासून मागे यायचं. ताईने मात्र बजावलंय, “साडी नवरात्रातच पाठव!”