विहिरीचे पाणी बिघडले, तर भरपाई कोणी द्यावयाची?

राजस्थानातील उदयपूरजवळ बिछडी नावाचे एक खेडे आहे. १९८८ साली तेथील एका कारखान्यात रंगाच्या धंद्यात लागणारे ‘एच आम्ल’ तयार होऊ लागले. त्यासाठी कायद्याने आवश्यक असलेली संमती घेतलेली नव्हती. उत्पादन सुमारे ३७५ टनच झाले, परंतु त्यापोटी जवळजवळ २४४० टन विषारी गाळ निघाला आणि तो उघड्यावर पसरून टाकण्यात आला. पावसाच्या पाण्याबरोबर त्यातील विष जमिनीत झिरपले. सुमारे ६० विहिरींचे पाणी काळपट झाले व ते ना माणसांना चालेना, ना गुरांना, ना पिकांना. कारखान्यातील ते उत्पादन लवकरच बंद पडले, पण झिरपणे थांबले नाही.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, जो प्रदूषण करतो त्यानेच त्याची किंमत मोजली पाहिजे. आपण निष्काळजीपणा केला नाही, ही सबब कारखानदारास चालत नाही. या किमतीत बाधितांची नुकसानभरपाई तर येतेच, पण बिघडलेली जमीन व पाणी पूर्ववत् करण्याचा खर्चही येतो. येथे हा दुसरा खर्च सरकारने कारखानदारांकडून वसूल करावयाचा होता. पिकांच्या हानीसाठी मात्र गावकऱ्यांना दिवाणी दाव्याची वाट मोकळी ठेवली. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने शुद्धीकरणाचा खर्च ३७ कोटी ३८ लक्ष ५० हजार रुपये काढला. कारखानदारांनी अर्जांवर अर्ज करून वसुली लांबविली, आणि २०११ साली न्यायालयास चक्रवाढ व्याजासह ती रक्कम भरण्याचा पुन्हा आदेश द्यावा लागला. तोवर ज्यांच्या विहिरी गेल्या, त्यांची बरीच वर्षेही गेली होती.

म्हणूनच दुसरे तत्त्व सावधगिरीचे. तामिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी ऑगस्ट १९९६ मध्ये जो निकाल लागला, त्यात हे स्पष्ट झाले. गंभीर व भरून न येणारी हानी होण्याचा धोका असेल, तर शास्त्रीय खात्री पुरती झालेली नाही एवढ्यावरून उपाय पुढे ढकलता येत नाही. शिवाय आपला धंदा निरुपद्रवी आहे हे कारखानदाराने सिद्ध करावयाचे असते. मात्र नुसत्या संशयावरून कोणताही कारखाना बंद करावा, असा याचा अर्थ नव्हे. धोक्याला काही आधार दिसला पाहिजे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने निर्णय देताना ही दोन्ही तत्त्वे लावावीत, असे २०१० च्या अधिनियमाचे २० वे कलम सांगते. महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ पुणे येथे आहे. भरपाईचा अर्ज कारण प्रथम घडल्यापासून ५ वर्षांच्या आत करावा लागतो. यास्तव पाण्याचा रंग वा वास प्रथम बदलला तो दिवस, विहिरीचा गट क्रमांक व सांडपाण्याची वाट ग्रामसेवकाने त्याच वेळी लिहून ठेवावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी. वरच्या अंगाच्या, न बिघडलेल्या एखाद्या विहिरीचा नमुनाही तपासून घेण्याविषयी तक्रारीत लिहावे. विष कोठून आले, हे त्या तुलनेवरूनच उमगते.