जागेवरून न हलता वळणारी नजर

उटीजवळ मुथोराईच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी एक प्रचंड पन्हळ उभी आहे. ती पत्र्याची नाही, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारा ताणून केलेली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली ही रेडिओ दुर्बीण १९७० मध्ये पूर्ण झाली. पुढे नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी उभी केली तीही स्वरूप यांच्याच पुढाकाराने.

उटीचा अक्षांश सुमारे ११ अंश, म्हणून उतारही तेवढाच शोधला. त्यामुळे पन्हळीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. मोटरीने ती हळूहळू फिरवली की पूर्वेकडून पश्चिमेला जाणारा रेडिओस्रोत कित्येक तास टप्प्यात राहतो. पण उत्तर-दक्षिणेचे काय? अर्ध्या किलोमीटरचा सांगाडा त्या दिशेने कलवणार कसा?

तिथे काम करते ती फेज, म्हणजे लहरीच्या चढ-उतारातली नेमकी अवस्था. पन्हळीच्या नाभिरेषेवर १०५६ छोटे डायपोल अँटेना ओळीने बसवले आहेत. शेजारच्या दोघांत साधारण ४८ सेंटिमीटर अंतर, तर पकडायच्या लहरीची लांबी ९२ सेंटिमीटर. स्रोत अगदी समोर असला की लहर सगळ्यांपर्यंत एकदमच पोहोचते आणि बेरीज जोरदार होते.

आता स्रोत ३० अंश उत्तरेला आहे असे समजा. लहर आधी उत्तरेकडच्या डायपोलला भेटते आणि शेजाऱ्यापर्यंत जायला तिला २४ सेंटिमीटर जास्त चालावे लागते. पूर्ण लहर म्हणजे ३६० अंश धरले, तर हा फरक ९४ अंशांचा. तो तसाच राहिला, तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उताराला मारतो आणि बेरीज जवळजवळ शून्य होते. म्हणून फेज शिफ्टर नावाचे सर्किट दक्षिणेकडून ओळीने ०, ९४, १८८, २८२ अंश अशी भरपाई करते. पाचव्याला ३७६ हवेत, पण पूर्ण फेरा वजा करून १६ अंशही चालतात. आकडे बदलले की नजर दुसरीकडे वळते.

हा वजा केलेला फेराच पुढे नडतो. ओळीच्या दोन टोकांत खरा फरक सुमारे २५३ मीटरचा असतो, आणि फेजची जुळणी एकाच वारंवारितेला अचूक बसते. वारंवारिता बदलली की नजर थोडी सरकते. म्हणून ४८-४८ डायपोलचे २२ गट केले आहेत आणि गटागटांत फेजऐवजी खराखुरा वेळेचा विलंब घालतात.

दुसरी मर्यादा भूमितीची. ६० अंश तिरके पाहिले की ५३० मीटरची पन्हळ स्रोताला निम्मीच दिसते. संदेश निम्मा मिळतो आणि नजरही दुप्पट जाडी होते. त्यावर फेजकडे उपाय नाही.