बँकेविना वही : भाग ४ – नोंद खरी कोण ठरवतो?

गेल्या आठवड्यात आपण हॅश पाहिला: मजकुराचा असा ठसा, की एक स्वल्पविराम हलला तरी तो पूर्ण बदलतो. आज त्याच्या जोरावर चालणाऱ्या वहीतली एक खरी नोंद वाचू.

१२ जानेवारी २००९ रोजी, बिटकॉइन नुकतेच सुरू झाले असताना, सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेतलेल्या त्याच्या निर्मात्याने हॅल फिनी या अमेरिकी प्रोग्रॅमरला १० बिटकॉइन पाठवले. १७० क्रमांकाच्या ब्लॉकमधली ही नोंद आजही कोणालाही पाहता येते. तिच्यात सातोशीची शिल्लक किती, हे कुठेच लिहिलेले नाही. ९ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये मिळालेले ५० बिटकॉइन मोडले, १० फिनींकडे गेले, ४० सातोशीकडे परत आले, एवढेच त्यात आहे. सोबत सातोशीच्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही. म्हणजे ही रोजकीर्द आहे, खतावणी नव्हे. शिल्लक हवी असेल, तर आपल्या नावच्या न खर्चलेल्या रकमांची बेरीज करायची.

त्यामुळे वहीची प्रत बाळगणारा प्रत्येक संगणक स्वतःच तपासणी करतो: सही जुळते का, आणि ते ५० आधीच खर्ची पडलेत का?

पण तेच ५० कोणी एकाच वेळी दोघांना पाठवले तर? दोन्ही सह्या अस्सल असतील आणि आधी कोणती नोंद पोचली, याबद्दल संगणकांचे एकमत होणार नाही. बिटकॉइनची खरी करामत इथे आहे. नवा ब्लॉक जोडू पाहणारे मायनर नोंदींचा गठ्ठा, मागच्या ब्लॉकचा हॅश आणि एक बदलता आकडा एकत्र करून हॅश काढत राहतात, तो ठरलेल्या मर्यादेहून लहान येईपर्यंत. सरासरी दहा मिनिटांनी कोणाला तरी तो सापडतो. शोधायला अगणित प्रयत्न, पडताळायला मात्र एकच. दोघांना एकदमच सापडला, तर साखळीला दोन फाटे फुटतात. पुढे ज्या फाट्यावर अधिक काम साचते, तो सगळे मान्य करतात आणि दुसरा सोडून देतात. म्हणून मोठी रक्कम घेणारा वर आणखी काही ब्लॉक चढेपर्यंत, रूढ प्रथेप्रमाणे एकूण सहा होईपर्यंत, म्हणजे साधारण तासभर थांबतो.

मार्च २०१३ मध्ये तेही पुरले नाही. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने स्वीकारलेला एक ब्लॉक जुन्या आवृत्तीने नाकारला आणि काही तास दोन साखळ्या समांतर वाढत राहिल्या. नव्या साखळीत काम जास्त होते, तरी जुनी आवृत्ती चालवणाऱ्यांना ती वैधच वाटत नव्हती. तेवढ्यात एकाने तेच बिटकॉइन दोन्हीकडे खर्चूनही दाखवले. अखेर प्रोग्रॅमर आणि मोठ्या मायनिंग पूलचे चालक चॅटवर बोलले, आणि पूलवाल्यांनी स्वतः खणलेल्या ब्लॉकचे नुकसान सोसून जुन्या आवृत्तीकडे परतणे पत्करले.