रीस्टार्ट करण्याआधी हे वाचा

पाळी संपवून निघणाऱ्या अभियंत्याने पुढच्यासाठी ‘मेमरी गळतेय, रीस्टार्ट केलं’ एवढंच लिहिलं, तर ती नोंद जवळपास निरुपयोगी. समजा, तिकीट-आरक्षणाची जावा सेवा आहे. सुरुवातीला ६०० एमबी घेते, तासाला सुमारे १०० एमबीने फुगते. २ जीबीची मर्यादा ओलांडली की लिनक्स ती बंद पाडतो. पडद्यावर `OOMKilled` दिसतं.

म्हणून नोंदीत आधी वेळ हवी: शेवटचा रीस्टार्ट दुपारी चारला, म्हणजे पहाटे सहापर्यंत सवड. मग तपासाचं फळ: रात्री गर्दी ओसरली, गार्बेज कलेक्शनही झालं, तरी हीपची तळरेषा चढतेच आहे. म्हणजे ही नुसती गर्दी नव्हे. संशय सेशनच्या कॅशवर, जुन्या नोंदी त्यातून निघत नसाव्यात. मात्र हा संशयच आहे, असं स्पष्ट लिहावं; नाहीतर पुढचा माणूस त्यालाच निदान समजतो.

रीस्टार्टने पुरावाही पुसला जातो. त्याआधी हीप डंप घ्यायचा:

```
jcmd <pid> GC.heap_dump /data/leak.hprof
```

तेवढा वेळ सेवा गोठते, त्यामुळे ती प्रत आधी लोड बॅलन्सरमधून बाजूला काढावी. तासाभराच्या अंतराने दोन डंप मिळाले, तर कोणते ऑब्जेक्ट वाढले ते ताडून पाहता येतं.