रस्त्यात सापडलेली नाणी

रस्त्यात पाच-सहा नाणी विखुरलेली दिसली, आसपास कोणीच नाही. उचलणाऱ्याने ती ठेवून घ्यावीत का? ज्यू धर्मशास्त्र शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न फार लवकर येतो. तोंडी कायदा म्हणजे काय आणि त्यावरची टीका कशी वाचायची, हे त्यातून चांगलं कळतं.

सुरुवात तोरापासून, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांपासून करू. त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात आज्ञा आहे, की दुसऱ्याचा हरवलेला बैल, मेंढरू, गाढव किंवा वस्त्र दिसलं तर तोंड फिरवून जाऊ नये, ते परत करावं. नाण्यांचा उल्लेख नाही. मालक कसा ओळखायचा, तोही नाही.

ज्यू परंपरा मानते, की लेखी तोरासोबत सिनाय पर्वतावर मोशेला तिचं स्पष्टीकरणही मिळालं आणि ते गुरूकडून शिष्याकडे तोंडीच चालत आलं. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, पुढच्या बंडांत माणसं मेली, पांगली. मग इ.स. २००च्या सुमारास गालीलमध्ये यहुदा हा-नासी यांनी या तोंडी कायद्याचं संकलन केलं. तीच मिश्ना.

मिश्ना वस्त्रावरच बोट ठेवते. जनावरांच्या यादीत वस्त्र कशासाठी? वस्त्राला ओळखीची खूण असते आणि त्यावर हक्क सांगणारा कोणीतरी असतो. तेव्हा ज्या वस्तूला या दोन्ही गोष्टी आहेत, तिची दवंडी पिटायची. म्हणून विखुरलेली नाणी सापडणाऱ्याची. थैलीतली नाणी, किंवा एकावर एक रचलेली तीन नाणी, मात्र जाहीर करायची. नाणी पडताना आपोआप रचली जात नाहीत. कोणीतरी ती ठेवली आहेत आणि ती रचनाच खूण ठरते.

इथवर सोपं आहे. पण मिश्ना कारणं सांगताना हात आखडता घेते. विखुरलेलं नाणं सापडणाऱ्याचं होतं, कारण खूण नसल्याने मालकाने त्याची आशा सोडलेली असते. यावर बाबिलोनच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, पंडितांनी विचारलं, नाणं पडल्याचं मालकाला अजून कळलंच नसेल तर? चौथ्या शतकातले अबाये आणि रावा यांचा इथे खटका उडतो. रावा म्हणतात, कळल्यावर तो आशा सोडणारच आहे, म्हणजे ती आताच सोडली असं धरा. अबाये म्हणतात, ज्याला हरवल्याचा पत्ताच नाही त्याने आशा सोडली कशी? उचलली त्या क्षणी वस्तू त्याचीच होती.

मग अबायेंच्या मते मिश्नेतली नाणी सापडणाऱ्याची कशी? उत्तर मला फार आवडतं: माणूस सारखा आपली थैली चाचपत असतो, तेव्हा नाणं पडल्याचं त्याला आधीच कळलेलं असतं. आता माझं एक उदाहरण घ्या. पिशवीतून साधं, बिनखुणेचं पेन पडलं आणि मालकाच्या ते संध्याकाळी लक्षात आलं. दुपारी उचलणाऱ्याचं ते रावांच्या मते झालं, अबायेंच्या मते नाही, कारण पेन कोणी सारखं चाचपत नाही.

या वादाची नोंद म्हणजे गेमारा. मिश्ना आणि गेमारा मिळून तालमूद. त्यात पुरावा आणायचा, तो खोडायचा, पुढचा आणायचा, असं पानामागून पान चालतं. मजकूर इतका त्रोटक, की पुष्कळदा प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं हेच उमगत नाही. फ्रान्समधल्या त्र्वा गावचे राशी (१०४०–११०५) इथे हात देतात. वस्तू सापडली तेव्हा ती पडल्याचं मालकाला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक झाल्यावर तो आशा सोडेल असं गृहीत आहे, एवढं ते वाद सुरू होतानाच सांगून टाकतात. नवख्याने राशी सोडून गेमाराला हात घालूच नये. व्हेनिसमध्ये दानिएल बॉम्बर्ग यांनी १५२०च्या दशकात तालमूद छापलं तेव्हापासून मधे गेमारा, आतल्या बाजूला राशी आणि बाहेरच्या बाजूला तोसाफोत, ही मांडणी रूढ झाली. तोसाफोत म्हणजे राशींच्या नातवंडांची आणि त्यांच्या शिष्यांची टीका. एका पानावरचं विधान दुसऱ्या पानाशी जुळत नाही, हे ती दाखवते आणि पुष्कळदा राशींनाच खोडते.

हा नाण्यांचा वाद ‘बावा मेत्सिया’ या भागाच्या २१व्या पानावर सुरू होतो. शेवटी रावांचं मत खंडित होतं आणि निकाल अबायेंच्या बाजूने लागतो. एरवी या दोघांच्या वादांत रावांचं मत ग्राह्य धरतात. अपवाद फक्त सहा. त्यांची आद्याक्षरं जोडून ‘याल केगाम’ अशी खूणगाठ गेमारानेच बांधून ठेवली आहे आणि तिचं पहिलं अक्षर याच वादाचं आहे.