‘ती काय औषध न्हाई’

आषाढी एकादशी होऊन पाच दिवस झाले होते. तात्या दवाखान्यात आले ते मुलाच्या खांद्यावर हात टाकूनच. चौसष्ट वर्षांचा काटक शेतकरी, आळंदी ते पंढरपूर पायी चालून आलेला. तोंड कोरडं पडलेलं, मळमळ थांबत नव्हती आणि दोन दिवसांत लघवी जेमतेम झाली होती. रक्तदाब ९६/६०. चैत्रात केलेल्या तपासणीत त्यांचं क्रिएटिनिन १.० होतं, त्या दिवशी ते ३.१ आलं. पोटॅशियम ५.८. मूत्रपिंडांनी काम जवळपास थांबवत आणलं होतं.

“तात्या, वारीत कुठली औषधं घेतलीत?”

“बीपीचीच की. एक दीस चुकवली न्हाई, डॉक्टरसाहेब.”

“आणि दुसरं काही?”

“दुसरं न्हाई.”

मुलाने वारीची पिशवी टेबलावर उलटी केली. अबीर-बुक्क्याच्या पुडीसोबत तीन पाकिटं बाहेर पडली. एक बीपीच्या गोळ्यांचं. दुसरं अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलच्या एकत्र गोळ्यांचं, जवळजवळ संपलेलं. तिसरं सर्दीच्या गोळ्यांचं. मी दुसरं पाकीट उचलून दाखवलं, तर तात्या म्हणाले, “ती गुडघ्याची. ती काय औषध न्हाई. दुखलं की खायाची.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावरच लिहायला हवं, असं वाटलं.

तात्यांकडून आणि मुलाकडून मिळून जे कळलं, ते असं. दिवे घाट चढताना गुडघा धरला. जेजुरीला औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतल्या, सकाळी एक आणि रात्री एक. लोणंदच्या आसपास पावसात भिजून सर्दी झाली म्हणून आणखी एक पाकीट. फलटणला मोफत तपासणीत रक्तदाब १७०/९८ निघाला. एरवी त्यांचा १३०/८० असतो. दिंडीतल्या कुणीतरी सांगितलं, बीपीची गोळी दुप्पट करा, म्हणून तात्यांनी ती दुप्पट केली. वेळापूर सोडल्यावर जुलाब सुरू झाले. पाणी कमी पडलं, गोळ्या मात्र तिन्ही चालू राहिल्या.

यातला प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी शहाणपणाचा वाटण्यासारखा आहे. घोटाळा कुठे झाला, हे कळायला मूत्रपिंडाच्या आत डोकवावं लागतं.

मूत्रपिंडात रक्त गाळणारे लाखो बारीक गुच्छ असतात. प्रत्येक गुच्छात रक्त आणणारी एक नळी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. शेतकऱ्याला हे लगेच कळतं. वाफ्यात पाणी उभं राहायचं तर येणारी चारी मोकळी हवी आणि जाणाऱ्या तोंडाला थोडा बांध हवा, तरच पाणी जमिनीत मुरतं. मूत्रपिंडातही तसंच आहे. येणारी नळी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं मोकळी ठेवतात. शरीरात पाणी कमी पडलं की ती अधिकच कामाला लागतात. जाणारी नळी अँजिओटेन्सिन आवळून धरतं. या दोघांच्या जोरावर आतला दाब टिकतो आणि रक्त गाळलं जातं.

तात्यांची बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ मिलिग्रॅम अशी जोडगोळी होती. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला रोखतं, म्हणजे जाणाऱ्या तोंडाचा बांध सैल होतो. दुसरं औषध लघवीवाटे मीठ-पाणी काढून टाकतं, म्हणजे मुळात येणारं पाणीच कमी होतं. ही दोन्ही औषधं चांगली आहेत आणि एरवी शरीर हा बदल सहज सांभाळून घेतं, कारण येणारी नळी मोकळी असते. अ‍ॅसिक्लोफेनॅक नेमकी तीच आवळतं. वेदना आणि सूज ज्या प्रोस्टाग्लँडिनांमुळे होते, ती बनणंच अशी वेदनाशामकं थांबवतात आणि गुडघ्यातली प्रोस्टाग्लँडिनं वेगळी, मूत्रपिंडातली वेगळी, असा भेद त्यांना करता येत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी याच कुळातली. तीन बाजूंनी पाणी तोडलं गेलं आणि वर जुलाब.

गंमत म्हणजे या दोन्ही टोकांचा शोध एकाच माणसाशी जोडलेला आहे. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन थांबवतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं आणि १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषातला अंश घेऊन सर्जिओ फरेरा हे त्यांच्याच प्रयोगशाळेत आले होते. त्या कामातून पुढे अँजिओटेन्सिन बनू न देणारं कॅप्टोप्रिल हे औषध निघालं. रामिप्रिल, एनालाप्रिल ही त्याची भावंडं.

टेल्मिसार्टनसारखं औषध, लघवीची गोळी आणि वेदनाशामक या तिहेरी जोडीचा धोका मोजलाही गेला आहे. २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रक्तदाबाची औषधं घेणाऱ्या पावणेपाच लाखांहून अधिक ब्रिटिश रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास आला. वेदनाशामक नसताना जेवढं प्रमाण होतं, त्यापेक्षा तिन्ही एकत्र घेणाऱ्यांत मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त होतं, आणि पहिल्या ३० दिवसांत ८२ टक्क्यांनी. म्हणजे सर्वांत जपायचे ते सुरुवातीचे दिवस. ‘चारच तर गोळ्या खाल्ल्या’ हे समाधान म्हणूनच मला पुरेसं वाटत नाही.

फलटणला रक्तदाब वाढला तो का, हेही यातच आलं. प्रोस्टाग्लँडिन थांबली की मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि रक्तवाहिन्या थोड्या आवळतात. सरासरी पाहिली तर वाढ पाचेक अंकांची असते. पण जे बीपीची औषधं घेतात, त्यांच्यात ती अधिक दिसते, कारण वेदनाशामक त्या औषधांचाच जोर मोडतं. अ‍ॅम्लोडिपिनच्या वर्गातल्या गोळ्यांवर हा परिणाम सर्वांत कमी होतो. वाढ काही दिवसांत ते दोन आठवड्यांत दिसू लागते. दोन-तीन दिवसांत वजन एक-दीड किलोने वाढणं, नडगीवर बोट दाबलं की खड्डा राहणं, चपलेचा पट्टा घट्ट होणं या मीठ-पाणी साठत असल्याच्या घरच्या घरी कळणाऱ्या खुणा. मूत्रपिंडाची इजा मात्र बऱ्याचदा मुकी असते, ती क्रिएटिनिनच्या तपासणीतच कळते. तात्यांचा रक्तदाब वाढल्यावर गोळी दुप्पट करायला नको होती, गुडघ्याची गोळी बंद करायला हवी होती. आम्ही डॉक्टरही इथे चुकतो. वाढलेला आकडा पाहून नवी गोळी लिहितो, आणि तो कशामुळे वाढला हे विचारायचं राहून जातं.

सर्दीच्या गोळीचं प्रकरण वेगळं आहे. आपल्याकडच्या बहुतेक गोळ्यांत नाक मोकळं करायला फिनाइलेफ्रिन असतं. ते रक्तवाहिन्या आवळणारं औषध. पण तोंडावाटे घेतल्यावर त्याचा बहुतांश भाग आतडं आणि यकृत निष्प्रभ करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं की, गोळीतून घेतलेल्या फिनाइलेफ्रिनने नाक मोकळं होत नाही. ज्याचा उपयोगच नाही, त्यासाठी बीपीच्या रुग्णाने अगदी थोडा धोका तरी का पत्करावा? स्यूडोएफिड्रिनची गोळी नाक खरोखर मोकळं करते, पण रक्तदाब आणि नाडीही वाढवू शकते. म्हणून ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही, त्यांनी ती टाळावी. मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब पुरतात. सर्दीच्या काही गोळ्यांत आयब्युप्रोफेनही असतं, म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचायलाच हवी.

‘मग साधं आयुर्वेदिक घेतो,’ असं म्हणणाऱ्यांसाठी एका बाईंची हकिकत सांगतो. शाळेत शिकवणाऱ्या, दिवसभर बोलून घसा बसायचा. क्लोरथॅलिडोन या लघवीच्या गोळीवर त्यांचा रक्तदाब वर्षभर छान होता. अचानक १७० च्या पुढे गेला आणि जिना चढताना पाय उचलेनात. पोटॅशियम २.७. वेदनाशामक घेत नव्हत्या, सर्दीचं काही नाही. शेवटी कळलं की, दोन महिने रोज दोनदा ज्येष्ठमधाची पूड मधातून चाटत होत्या आणि वर ज्येष्ठमध घातलेला काढा.

ज्येष्ठमधाला गोडवा देणारं ग्लिसरायझिन हेच इथे कारण आहे. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल भरपूर असतं. मूत्रपिंडातलं एक एन्झाइम त्याला निष्प्रभ करत राहतं, नाहीतर ते मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉनची जागा घेईल. ग्लिसरायझिन त्या एन्झाइमला अडवतं. मग शरीरात मीठ साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं आणि रक्तदाब चढतो. लघवीची गोळी पोटॅशियम आधीच घालवत असते, त्यामुळे दोघं मिळून ते धोक्याच्या पातळीखाली नेतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घसा दुखतो म्हणून दोन दिवस एखादी कांडी चघळली तर काही बिघडत नाही. आठवडेच्या आठवडे रोज घेणं मात्र बीपीच्या रुग्णाला परवडणारं नाही. बाईंनी पूड आणि काढा बंद केला, आम्ही पोटॅशियम दिलं आणि काही आठवड्यांत रक्तदाब पूर्वीच्या जागी आला.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हे खरं मानायचं असेल तर सर्पगंधेचं काय? मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचे रक्तदाबावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगाने ते औषध म्हणून वापरलं. जी मुळी रक्तदाब उतरवू शकते, ती गोळीच्या जोडीला घेतली तर तो जास्तही उतरवेल.

तात्यांना आम्ही भरती केलं. तिन्ही पाकिटं थांबवली, शिरेतून सलाइन दिलं, पोटॅशियम उतरवलं. तिसऱ्या दिवशी लघवी सुटली, दहाव्या दिवशी क्रिएटिनिन १.३ वर आलं. त्यांचं नशीब बलवत्तर. ज्यांची मूत्रपिंडं आधीच मधुमेहाने थकलेली असतात, त्यांचं क्रिएटिनिन असं परत येईलच असं नाही.

गुडघा तर दुखणारच. त्यासाठी तात्यांना डायक्लोफेनॅकचं मलम दिलं, कारण गोळीच्या मानाने त्यातलं फारच थोडं औषध रक्तात जातं. गरज पडली तर पॅरासिटामॉल, तेही मोजून. एडिनबरोच्या २०२२ सालच्या एका अभ्यासात रोज चार ग्रॅम पॅरासिटामॉल दोन आठवडे घेणाऱ्या बीपीच्या रुग्णांचा वरचा आकडा पाचेकने वाढला होता. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं, त्या नकोत. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर बीपीची कोणती गोळी एक-दोन दिवस थांबवायची, हे पुढच्या वारीला निघण्याआधीच मी त्यांच्या वहीत लिहून देणार आहे. एक गैरसमज मात्र होऊ नये. हृदयासाठी दिलेली ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन या टाळायच्या वेदनाशामकांत मोडत नाही, ती आणि बीपीची नेहमीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पुढच्या वेळी रक्तदाब तपासायला जाल, तेव्हा घरातला गोळ्यांचा डबा, काढ्याची पुडी आणि गुडघ्याचं पाकीट पिशवीत घालून न्या, आणि डॉक्टरांच्या टेबलावर ती पिशवी उलटी करा.