बूट लंडनचा, परतीचं भाडं कुणाचं?

समजा, पुण्यातल्या एका ग्राहकाने लंडनच्या दुकानातून बुटांचा जोड मागवला. जोडाचे 6,000 रुपये, पाठवणीचे 1,500, आणि पार्सल आल्यावर कुरिअर कंपनीने वसूल केलेलं सीमाशुल्क 2,500. एकूण 10,000 गेले आणि बूट निघाला घट्ट.

दुकान म्हणतं, परत पाठवा, पैसे देतो. हे पैसे म्हणजे बहुतेकदा नुसती बुटाची किंमत. विकत घेणाऱ्याचं माप चुकलं किंवा मन बदललं, तर परतीचं भाडं सहसा त्यालाच भरावं लागतं. ते 2,500 रुपये पडलं, तर हाती येतात 3,500. त्यातही बँकेने कार्डावर लावलेला परकीय चलनाचा आकार सहसा परत मिळत नाही. अशा वेळी कोऱ्या जोडाचे इथेच कुणी 4,000 देत असेल, तर खुशाल विकून टाकावा!

युरोपीय संघात राहणारा ग्राहक तिथल्याच दुकानातून मागवतो, तेव्हा हिशेब जरा वेगळा होतो. कारण न सांगता 14 दिवसांत खरेदी रद्द करता येते आणि येतानाचं साधं भाडंही परत मिळतं. जातानाचं मात्र ग्राहकाचंच. दुकानदाराने ते आधी सांगितलं नसेल, तर त्याच्या खिशातून.

भरलेल्या सीमाशुल्काचं काय? आपल्या 1962 च्या सीमाशुल्क कायद्यातल्या कलम 74 नुसार माल परत निर्यात केल्यास शुल्काचा 98 टक्क्यांपर्यंत परतावा मिळू शकतो. पण आलेला माल तोच आहे हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं, निर्यातीचे कागद करावे लागतात. 2,500 रुपयांसाठी एजंट धरला, तर फी देऊन हाती फारसं काही उरणार नाही.

माल फुटका किंवा भलताच निघाला, तर पारडं फिरतं. ईबेवर अशा वेळी परतीचा खर्च विक्रेत्याचा. तक्रार मात्र माल मिळाल्यापासून साधारण 30 दिवसांत करावी लागते. पेपॅलवर 180 दिवस मिळतात, पण परतीचं भाडं बहुधा ग्राहकाच्या माथी येतं. म्हणून आधी फोटो काढून तक्रार नोंदवावी आणि भाडं कोण देणार हे ठरल्याशिवाय खोका हलवू नये. स्वस्त वस्तू असेल, तर विक्रेताच पुष्कळदा म्हणतो, ठेवून घ्या, थोडे पैसे परत करतो. भाड्यापेक्षा त्याला ते स्वस्त पडतं. ‘आधी तक्रार मागे घ्या, मग पैसे देतो’ असं कुणी म्हणालं, तर सावध व्हावं. पेपॅलवर बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही.

पाठवायचंच ठरलं, तर ट्रॅकिंग असलेली सेवा घ्यावी, सीमाशुल्काच्या फॉर्मवर हा परत चाललेला माल आहे असं स्पष्ट लिहावं आणि मूळ बिलाची प्रत जोडावी. तसं न केल्यास तिकडे नव्याने शुल्क मागितलं जाऊ शकतं. विक्रेत्याने ते भरायला नकार दिला, तर खोका अडकतो आणि परतावाही.